क्रेडिट कार्डाची लिमिट अचानक कमी झाली, तर कारण कुठे शोधावे आणि पावले कोणत्या क्रमाने टाकावीत

प्रश्न : माझे अमळनेर तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे. सहा वर्षांपासून कार्ड वापरतो, एकही बिल चुकवलेले नाही. मागच्या आठवड्यात एसएमएस आला आणि लिमिट ३ लाखांवरून १ लाख ४० हजारांवर आणली. त्या वेळी कार्डावर १ लाख ३२ हजार बाकी होती. फोनवर ‘अंतर्गत धोरण’ एवढेच सांगतात. असे का होते, आणि आता मी काय करू?

उत्तर :

नवी लिमिट तुमच्या बाकीच्या अगदी लगत, जेमतेम ८ हजार वर ठेवली आहे, ही या प्रकरणातील सर्वांत बोलकी गोष्ट आहे. बँकेने दिलेले पैसे परत मागितलेले नाहीत, पण तुम्ही अजून न वापरलेला भाग जवळजवळ पूर्ण काढून घेतला आहे. कार्डाच्या करारात लिमिट कधीही कमी करण्याचा अधिकार बँकेने स्वतःकडे ठेवलेला असतो आणि तो ती सर्वाधिक वापरते ते अशाच वेळी, म्हणजे ‘हा ग्राहक उद्या संपूर्ण लिमिट उचलून थांबला, तर आपले किती बुडेल’ या प्रश्नाचे उत्तर तिला पूर्वीपेक्षा मोठे वाटू लागते तेव्हा. तुमची सहा वर्षांची वेळेवर भरणा करण्याची सवय खरी आहे आणि तिची नोंदही आहे, परंतु ती नोंद मागची आहे आणि बँकेचा हिशोब पुढचा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे एकदा ध्यानात घेतले, की ‘मी काय चुकलो’ या विचारात अडकून न पडता कारण नेमके कुठे शोधायचे ते कळू लागते.

बँक ठरावीक काळाने प्रत्येक कार्डाचा आढावा घेते आणि त्या वेळी प्रामुख्याने दोन गोष्टी पाहते : या कार्डावरचे तुमचे व्यवहार, आणि पतमाहिती कंपनीकडील तुमचा अहवाल, ज्याला आपल्याकडे सरसकट ‘सिबिल’ म्हणतात. तिसरे कारण तुमच्याशी संबंधित नसते. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहक कर्जांवरील जोखीमभार वाढवला आणि बँकांच्या क्रेडिट कार्ड येण्यांसाठी तो १२५ टक्क्यांवरून १५० टक्के केला. त्याचा अर्थ असा, की कार्डावर दिलेल्या प्रत्येक रुपयामागे बँकेला पूर्वीपेक्षा अधिक भांडवल अडकवून ठेवावे लागते. अशा दडपणाखाली एखादी बँक संपूर्ण गटाचीच, उदाहरणार्थ विशिष्ट व्यवसायातील किंवा बाकी सतत वाढत असलेल्या ग्राहकांची, लिमिट छाटू शकते. तसे झाले असेल तर तुमच्या अहवालात काहीच वावगे सापडणार नाही. परंतु आधी अहवाल पाहायचा आणि मगच या निष्कर्षावर यायचे.

पहिल्या गोष्टीबद्दल मी स्पष्ट लिहितो, कारण दुकानदारांच्या बाबतीत तिथेच पुष्कळ वेळा गाठ असते. तुमच्या व्यवसायाचा हंगाम जूनमध्ये सुरू होतो. कपाशीचे बियाणे आणि खते भरायची, शेतकऱ्याला उधारीवर द्यायची आणि कापूस विकला गेला की दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत वसुली करायची, ही खान्देशातील रीतच आहे. त्यामुळे कार्डावरील बाकी जूनपासून चढत जाते आणि ऑक्टोबरपर्यंत उतरत नाही. तुम्हाला हा दरवर्षीचा फेरा वाटतो, पण आढावा घेणाऱ्या यंत्रणेला मात्र चार-पाच महिने सलग वाढणारी बाकी दिसते. तिला पेरणी आणि वेचणी ठाऊक नसते. शिवाय बहुतेक वैयक्तिक कार्डांच्या अटींत व्यवसायासाठी वापर करण्यास मनाई असते, आणि घाऊक विक्रेत्याकडे वारंवार मोठ्या रकमा जाऊ लागल्या की तो वापर लपत नाही.

याहून गंभीर प्रकार म्हणजे स्वाइप करून रोख काढणे. ओळखीच्या दुकानातील किंवा स्वतःच्याच दुकानातील मशीनवर कार्ड स्वाइप करायचे, माल न घेता कमिशन कापून रोख घ्यायची आणि बिल भरले की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायचे, याची एक स्वच्छ खूण व्यवहारांच्या यादीत उमटते : तोच दुकानदार, गोल रकमा, आणि भरणा झाल्यानंतर एक-दोन दिवसांत तेवढ्याच रकमेचा खर्च. तुम्ही असे केले आहे असे मी म्हणत नाही. पण केले असेल, तर पुढचे सगळे अर्ज-विनंत्या करण्यापूर्वी ते थांबवा, कारण अशा वेळी बँक लिमिटवर थांबत नाही, कार्ड बंद करते, आणि मशीन देणारी संस्था मशीनही काढून घेऊ शकते.

आता दुसरी गोष्ट, म्हणजे अहवाल. ग्राहकाला ज्याची कल्पनाही नसते असे कारण इथे दडलेले असते, म्हणून एक प्रकरण तपशिलाने सांगतो.

चोपडा तालुक्यातील एक गृहस्थ सरकी पेंड आणि पशुखाद्याचे दुकान चालवतात. त्यांच्याकडे दोन बँकांची दोन कार्डे होती. पहिल्याची लिमिट २ लाख ५० हजार आणि बाकी ९० हजार, दुसऱ्याची लिमिट १ लाख ५० हजार आणि बाकी ३० हजार. एकूण ४ लाखांपैकी १ लाख २० हजार, म्हणजे ३० टक्के वापर, आणि यात कोणालाही खटकण्यासारखे काही नव्हते. पहिल्या बँकेने लिमिट एकाएकी १ लाखावर आणली. बाकी तेवढीच राहिली, पण एकूण लिमिट २ लाख ५० हजार झाल्यामुळे वापर ४८ टक्के दिसू लागला आणि त्या एका कार्डावर तर तो ९० टक्के झाला. पुढच्या महिन्यात दुसऱ्या बँकेच्या आढाव्यात हे चित्र आले आणि तिने आपली लिमिट ४० हजार केली. एक रुपयाही नवे कर्ज न घेता त्यांचा वापर ८६ टक्क्यांच्या जवळ पोहोचला. एका लिमिटकपातीमुळे दुसरी कशी ओढवते, ते या आकड्यांत दिसते. तुमच्या बाबतीतही वापर ४४ टक्क्यांवरून एका दिवसात ९४ टक्क्यांवर गेला आहे, तेव्हा दुसरे कार्ड असेल तर त्यावर लक्ष ठेवा.

पहिल्या कपातीचे मूळ कशात होते, ते त्यांनी अहवाल काढल्यावर कळले. त्यांची स्वतःची सर्व खाती स्वच्छ होती. मात्र खात्यांच्या यादीत एका वित्त कंपनीचे ट्रॅक्टर कर्ज होते आणि त्यापुढे मालकीच्या रकान्यात ‘जामीनदार’ अशी नोंद होती. काही वर्षांपूर्वी मेहुण्याच्या ट्रॅक्टरसाठी त्यांनी सही केली होती आणि ती ते विसरूनही गेले होते. कर्जाचे हप्ते सहामाही होते, दोन हप्ते उशिराने गेल्याची नोंद होती आणि त्या काळातील थकीत दिवस यांच्या अहवालात महिनावार उमटले होते. मेहुण्याने एक हप्ता खरोखरच उशिरा भरला होता. दुसरा त्याने कंपनीच्या कार्यालयात रोखीने वेळेत भरून पावती घेतली होती, पण खात्यात तो दोन महिन्यांनी जमा दाखवला गेला. आपल्याकडे नात्यात आणि गावकीत जामीन राहणे नाकारता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ती सही कर्ज फिटेपर्यंत अहवालात उभी असते आणि तुमच्या कार्डाची लिमिट ठरवताना वाचली जाते, हे सही करणाऱ्याला कोणी सांगत नाही.

म्हणून तुमचे पहिले काम अहवाल मिळवणे. देशात सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार पतमाहिती कंपन्या आहेत आणि प्रत्येकीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यायचा असतो. केवळ गुण सांगणाऱ्या ॲपवर विसंबू नका, संपूर्ण अहवाल काढा आणि किमान दोन कंपन्यांचा काढा, कारण तुमची बँक कोणता वाचते हे तुम्हाला माहीत नाही. त्यात खात्यांची यादी ओळीने वाचा : तुमचे नसलेले खाते आहे का, जामीनदार म्हणून कुठे नाव आहे का, फिटलेले कर्ज अजून चालू दिसते का, आणि गेल्या ३६ महिन्यांच्या भरण्याच्या तक्त्यात शून्याखेरीज कोणता आकडा आहे का. त्यानंतर चौकशींचा भाग पाहा. अल्प काळात तुमच्या नावावर कर्ज देणाऱ्या अनेक संस्थांनी चौकशी केलेली असेल, तर पैशांची ओढ लागली आहे असा अर्थ बँका काढतात. याच कारणाने आता रागाच्या भरात चार ठिकाणी नव्या कार्डासाठी अर्ज करू नका.

चूक आढळली तर तक्रार दोन्हीकडे करायची असते, ज्या संस्थेने नोंद पाठवली तिच्याकडे लेखी आणि पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर. ३० दिवसांत निराकरण झाले नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि तक्रारीत त्याचा उल्लेख केला की उत्तर लवकर येते असा माझा अनुभव आहे. चोपड्याच्या गृहस्थांनी पावतीची प्रत आणि कर्जखात्याचा उतारा जोडला आणि चुकीच्या दोन महिन्यांची नोंद दुरुस्त झाली. खरोखर उशिरा गेलेल्या हप्त्याची नोंद मात्र तशीच राहिली. ती खरी होती, आणि खरी नोंद कोणाच्याही विनंतीवरून काढली जात नाही. पैसे घेऊन ती ‘पुसून’ देतो म्हणणारे एजंट जळगावात आणि धुळ्यातही भेटतात, पण त्यांच्या हातात तुमचे पैसे घेण्यापलीकडे काहीच नसते.

अहवाल येईपर्यंत दोन-तीन गोष्टी लगेच करायच्या आहेत. आलेला एसएमएस खरा आहे का, ते बँकेच्या ॲपमध्ये किंवा कार्डामागील क्रमांकावर फोन करून तपासा. ‘लिमिट पूर्ववत करण्यासाठी येथे दाबा’ अशी लिंक असेल, तर तो फसवणुकीचा संदेश समजून सोडून द्या. त्यानंतर या कार्डावरून आपोआप कोणती बिले जातात, त्यांची यादी करा. विमा हप्ता, वीजबिल, मोबाइल यांपैकी एखादे ८ हजारांच्या उरलेल्या जागेत न बसल्यामुळे परत गेले, तर तो त्रास वेगळाच उभा राहतो. ती बिले काही महिन्यांसाठी बचत खात्यावर वळवा. नव्या लिमिटपलीकडे खर्च होऊ देण्याची सोय तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय बँकेने चालू ठेवता कामा नये. ती चालू असेल तर ॲपमधून बंद करा, म्हणजे लिमिट ओलांडल्याचे शुल्क लागणार नाही.

आता भरण्याचा प्रश्न. माझ्या मते या सर्व प्रकरणात सर्वाधिक नुकसान इथे होते. अनेक व्यापारी सोसायटीतून, आडतदाराकडून किंवा सावकाराकडून आठ दिवसांसाठी रक्कम उचलून पूर्ण बिल भरतात, मग तेवढीच रक्कम कार्डावरून पुन्हा वापरून उचल फेडायची असा त्यांचा बेत असतो. लिमिट एकदा कमी झाली असेल तर असे अजिबात करू नका. बाकी जसजशी खाली येते तसतशी लिमिटही तिच्या पाठोपाठ खाली आणणे, ही बँकांची ठाऊक असलेली पद्धत आहे. तुम्ही उचल घेऊन १ लाख ३२ हजार भरले आणि दुसऱ्या दिवशी लिमिट ४० हजार झाली, तर कार्डाचे कर्ज जाऊन सावकाराचे कर्ज उरेल आणि ते फेडायला हातात काहीच नसेल. भरलेली रक्कम पुन्हा मिळणार नाही असे गृहीत धरूनच भरा.

स्वतःचे पैसे असतील तर पूर्ण भरणे उत्तमच. नसतील तर देय तारखेपूर्वी किमान रक्कम तरी गेलीच पाहिजे, कारण देय तारखेनंतर तीन दिवस उलटले की बँक ती थकबाकी म्हणून कळवू शकते, आणि नेमक्या या वेळी तशी नोंद होणे तुम्हाला परवडणारे नाही. परंतु किमान रकमेवर महिने काढू नका. दरमहा ३.५ टक्के व्याज धरले तर १ लाख ३२ हजारांवर महिन्याला ४,६२० रुपये व्याज आणि त्यावर सुमारे ८३० रुपये जीएसटी होतो, शिवाय पूर्ण भरणा नसल्याने नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. घरात सोने असेल तर बँकेचे सोनेतारण कर्ज या व्याजाच्या तुलनेत पुष्कळ स्वस्त पडते आणि त्याला फेडीची ठरलेली मुदत असते. ही उचल मात्र कार्ड पुन्हा वापरण्यासाठी नसावी, ते कर्ज कायमचे हलवण्यासाठी असावी.

बँकेला लिहिताना काय मागायचे आणि काय मागून उपयोग नाही, हे नीट समजून घ्या. कार्डांबाबत रिझर्व्ह बँकेचे जे निर्देश आहेत, त्यांनुसार लिमिट कमी केल्यास ग्राहकाला कळवणे बँकेवर बंधनकारक आहे. कार्ड ब्लॉक, निष्क्रिय किंवा स्थगित केल्यास तर लगेच आणि कारणासह कळवावे लागते. तुम्हाला एसएमएस आला आहे, म्हणजे ‘कळवले नाही’ ही तक्रार टिकणार नाही. तरीही बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने विचारा, की कपात कोणत्या तारखेच्या आढाव्यावरून झाली, पतमाहिती अहवाल आधार असेल तर तो कोणत्या कंपनीचा होता आणि फेरविचारासाठी कोणती कागदपत्रे लागतील. फोनवरील कर्मचाऱ्याला ‘अंतर्गत धोरण’ यापलीकडे बोलण्याची मुभा नसते, लेखी प्रश्न मात्र पुढच्या टेबलावर जातो.

३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर विनामूल्य तक्रार करता येते आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पण लोकपाल योजनेत बँकेच्या व्यावसायिक निर्णयाविरुद्धची तक्रार स्वीकारली जात नाही, आणि लिमिट किती द्यायची हा तसाच निर्णय आहे. ‘माझी लिमिट परत द्या’ अशी मागणी केलीत तर तक्रार तिथेच संपेल. न कळवता कार्ड ब्लॉक केले, कारण दिले नाही, तक्रारीला उत्तर दिले नाही, चुकीची नोंद पाठवली, संमती नसताना शुल्क लावले, असा सेवेतील दोष असेल तर मात्र ती उभी राहते. तक्रारीचे शब्द त्याप्रमाणे निवडा.

कार्ड पूर्णच बंद केले असेल तर हिशोब थोडा बदलतो. वर्षभराहून अधिक काळ न वापरलेले कार्ड बँक पूर्वसूचना देऊन बंद करू शकते, आणि ३० दिवसांत तुम्ही काही कळवले नाही तर ते बंद होते. असे कार्ड ठेवायचे असेल तर त्या मुदतीत लेखी कळवा आणि एखादी छोटी खरेदी करा. अन्य कारणाने बंद झाले तरी बाकी आपोआप माफ होत नाही, ती करारानुसार भरायचीच असते, आणि कार्डावर हप्त्यांत घेतलेली खरेदी एकरकमी मागितली जाऊ शकते, म्हणून तेवढे लगेच विचारून घ्या. कार्डात तुमची रक्कम शिल्लक असेल तर बँकेने ती तुमच्या खात्यात जमा करायची असते. बाकी भरताना कोणी ‘अर्धे भरा, मिटवून टाकू’ म्हटले, तर अहवालात त्याची नोंद तडजोडीने मिटवलेले खाते अशी होते, पूर्ण फेडलेले अशी होत नाही, हे लक्षात घ्या. ती नोंद पुढे पीककर्जालाही आडवी येते. भरण्याची ताकद असेल तर पूर्ण भरून बंद झाल्याचे पत्र घ्या आणि महिनाभराने अहवालात तसे दिसते का ते पाहा.

लिमिट परत वाढवण्याची विनंती लगेच करू नका. आधी वापर खाली येऊ द्या. २०२५ पासून पतमाहिती महिन्यातून किमान दोनदा पाठवली जाते, त्यामुळे सुधारणा पूर्वीपेक्षा लवकर दिसते. बिल तयार होण्याच्या तारखेआधीच काही रक्कम भरत गेलात तर कळवली जाणारी बाकीही कमी दिसते. वापर ३० टक्क्यांच्या आसपास आला आणि तीन-चार बिले पूर्ण भरली गेली, की आयकर विवरणपत्र आणि जीएसटीची विवरणपत्रे जोडून फेरविचाराचा अर्ज करा. चोपड्याच्या गृहस्थांना पहिल्या बँकेने सहा महिन्यांनी लिमिटचा काही भाग परत दिला, दुसरीने नकार दिला आणि तो कायम राहिला.

दुकानाचा हंगामी माल मात्र पुढच्या जूनपासून या कार्डावर घेऊ नका. तुमचे चालू खाते जिथे आहे तिथे मालसाठ्यावर कॅश क्रेडिट मागा. त्या लिमिटच्या आढाव्यात माल, उधारी आणि वसुलीचा हंगाम यांची विवरणे बँक स्वतःच मागते, आणि तुमचा ऑक्टोबरचा आकडा तिथे खुलाशासह पोहोचतो. स्वतःच्या शेतीसाठी लागणारी बियाणे-खते असतील तर त्यांची जागा किसान क्रेडिट कार्डावर आहे, कारण ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडल्यास त्याचा व्याजदर वर्षाला ४ टक्के पडतो. कॅश क्रेडिटच्या प्रस्तावाला दोन-तीन महिने लागतात, तेव्हा अर्ज मार्चच्या आत, वसुलीचे पैसे खात्यात दिसत असतानाच द्या.